चौथा समतोल बिंदू ऋण आला, तरी परीक्षानळीत दोन्ही यीस्ट जिवंत कशी?

प्रश्न: मी एम.एस्सी. (गणित) दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी गाउसेच्या १९३२ च्या यीस्टच्या प्रयोगातले आकडे घेऊन लोट्का–व्होल्टेरा स्पर्धा-समीकरणे सोडवली. चार समतोल बिंदू मिळाले, पण चौथा (१३.७७, −०.२४) असा आला. गणित पुन्हा तपासले, तेच उत्तर येते. पण प्रयोगाच्या आलेखात शेवटी दोन्ही यीस्ट जिवंत दिसतात. मग सहअस्तित्व आहे की नाही, आणि ते स्थिर आहे हे कसे ठरवायचे?

उत्तर:

तुमचे गणित बरोबर आहे. या आकड्यांपुरते बोलायचे तर प्रतिमानानुसार स्थिर सहअस्तित्व नाही, दुसरे यीस्ट अखेरीस पहिल्याला हटवते. आलेखात दोन्ही जिवंत दिसतात याचा या निष्कर्षाशी विरोध नाही, कारण ती परीक्षानळी समतोलापर्यंत पोहोचलेलीच नव्हती. मात्र प्रोजेक्टमध्ये एवढेच लिहून थांबू नका. तुमचा निष्कर्ष एका फार लहान फरकावर उभा आहे आणि खरा अभ्यास तिथूनच सुरू होतो.

समीकरणे एकदा समोर ठेवू, म्हणजे चिन्हांचा गोंधळ होणार नाही.

```
dN1/dt = r1·N1·(K1 − N1 − α·N2)/K1
dN2/dt = r2·N2·(K2 − N2 − β·N1)/K2

r1 = 0.218   K1 = 13.0   α = 3.15
r2 = 0.061   K2 = 5.8    β = 0.439
```

N1 म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, आपले नेहमीचे यीस्ट, आणि N2 म्हणजे स्किझोसॅकरोमायसिस केफिर, जे कळी फुटून नव्हे तर मधोमध दुभंगून वाढते. काळ तासांत मोजला आहे. N ही पेशींची संख्या नसून पेशींच्या एकूण आकारमानाची सोयीस्कर एकके आहेत, कारण दोन्ही यीस्टच्या पेशी सारख्या आकाराच्या नसतात. α हा दुसऱ्याच्या एका एककाचा पहिल्यावर पडणारा भार, आणि β हा पहिल्याच्या एका एककाचा दुसऱ्यावर पडणारा भार.

पुष्कळ विद्यार्थी चारही बिंदूंवर जेकोबियन मांडून बसतात. त्यात चूक काही नाही, पण निम्मे काम त्याआधीच होते. प्रथम काठावरचे दोन बिंदू घ्यावेत, म्हणजे एकच यीस्ट असताना तिथे दुसरे थोडेसे सोडले तर ते वाढेल का, एवढेच विचारावे. पहिले यीस्ट १३ एककांवर स्थिरावले आहे आणि त्यात दुसऱ्याचा एक थेंब टाकला, असे समजा. दुसऱ्याला उपलब्ध जागा K2 − β·K1, म्हणजे ५.८ − ५.७०७ = ०.०९३ इतकी उरते. ही धन आहे, म्हणून दुसरे यीस्ट शिरकाव करू शकते. आता उलट बाजू पाहू. दुसरे ५.८ वर स्थिर असताना पहिल्याला उरणारी जागा K1 − α·K2, म्हणजे १३ − १८.२७ = −५.२७. ही ऋण असल्याने पहिल्याचा शिरकाव होत नाही. एकाला शिरता येते आणि दुसऱ्याला येत नाही, तेव्हा शिरणारा जिंकतो. निर्णय इथेच झाला. (०, ०) हा बिंदू तर नेहमीच अस्थिर असतो, त्याकडे फार वेळ देऊ नये.

चौथा बिंदू ऋण येणे ही याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. दोन्ही कंस शून्य धरून सोडवले की N1* = (K1 − α·K2)/(1 − αβ) आणि N2* = (K2 − β·K1)/(1 − αβ) मिळते. अंशस्थानी तेच दोन शिरकावाचे आकडे आहेत आणि छेद दोघांना समान आहे. म्हणून त्या आकड्यांची चिन्हे भिन्न असली की बिंदूचा एक निर्देशक ऋण येणारच. तो बिंदू टाकून देण्याजोगा नाही. दोन शून्यवाढ रेषा पहिल्या चरणात एकमेकींना छेदत नाहीत, हेच तो सांगतो.

दोन्ही निर्देशक धन असतील तेव्हाच स्थिरतेचा प्रश्न शिल्लक राहतो. त्या बिंदूवरील जेकोबियनच्या कर्णावरची दोन्ही पदे, −r1·N1*/K1 आणि −r2·N2*/K2, ऋण असतात, म्हणून कर्णबेरीज ऋण असते. निश्चयक म्हणजे या दोन पदांचा गुणाकार गुणिले (1 − αβ). म्हणून αβ एकापेक्षा कमी असेल तर बिंदू स्थिर, जास्त असेल तर तो खोगीरबिंदू. कर्णाबाहेरची दोन्ही पदे ऋण असल्याने त्यांचा गुणाकार धन येतो, आणि त्यामुळे आयगेन मूल्ये नेहमी वास्तव असतात. या प्रतिमानात समतोलाभोवती हेलकावे येऊच शकत नाहीत. संगणकावर काढलेल्या आलेखात तसे हेलकावे दिसले, तर आधी तुमची कालपायरी तपासा.

इथे एक चूक इतक्या वेळा दिसते की वेगळी सांगितली पाहिजे. “α आणि β दोन्ही एकाहून कमी असतील तर सहअस्तित्व” हा नियम K1 = K2 असतानाच खरा आहे. एरवी α ची तुलना K1/K2 शी आणि β ची K2/K1 शी करायची असते. तुमच्या प्रश्नात हे उंबरठे अनुक्रमे २.२४१ आणि ०.४४६ आहेत. α एकाहून बराच मोठा असूनही सहअस्तित्व शक्य आहे, याचे उदाहरण पुढे येईलच.

आता आलेखाचा प्रश्न घेऊ. पहिले यीस्ट १३ वर असताना दुसऱ्याच्या शिरकावाचा वेग म्हणजे त्या बिंदूवरचे धन आयगेन मूल्य. ते ०.०६१ × ०.०९३/५.८, म्हणजे ताशी सुमारे ०.००१ येते. याचा व्यस्त सुमारे हजार तास, म्हणजे सहा आठवडे. मिश्र संवर्धनाच्या नोंदी सुमारे दोन दिवसांच्या आहेत. समजा, एका क्षणी नळीत पहिले ७.६ आणि दुसरे १.७ एकके आहे. ही जोडी जवळजवळ पहिल्याच्या शून्यवाढ रेषेवर बसते. समीकरणात घातल्यावर दुसरे ताशी ०.०१४ ने वाढते, आणि पहिल्याला आपल्या रेषेवर राहण्यासाठी ताशी सुमारे ०.०४ ने कमी व्हावे लागते. पाच तासांत ही घट ०.२ एककांची होते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजून काढलेल्या आकड्यांत एवढा फरक विखुरण्यातच बुडून जातो. म्हणजे समीकरण जरी तंतोतंत खरे मानले, तरी त्या आलेखाच्या उजव्या टोकाला दोन सपाट वक्र दिसणे अपेक्षितच आहे. सपाट दिसणारा प्रत्येक वक्र समतोलात असतो असे नाही.

याहून खोलवरची अडचण अशी की बंद परीक्षानळीत “पहिले कमी होते” असे घडायला काही यंत्रणाच नाही. या यीस्टची वाढ थांबते ती मुख्यतः साचत जाणाऱ्या अल्कोहोलमुळे. कळ्या फुटणे थांबते, पण आधीच्या पेशी लगेच मरत किंवा नळीतून निघून जात नाहीत. लोट्का–व्होल्टेरा समीकरणात मात्र कंस ऋण झाला की N1 घटायलाच हवे. वाढ थांबेपर्यंतच्या भागाला हे समीकरण बऱ्यापैकी लागू पडते, त्यानंतरच्या भागाला नाही. म्हणून त्या नळीत दोन्ही यीस्ट जिवंत सापडतात, यावरून सहअस्तित्व सिद्ध होत नाही आणि खोटेही ठरत नाही.

आता त्या ०.०९३ कडे वळू, कारण मला त्याची सर्वांत जास्त काळजी वाटते. β चे मूल्य ०.४३९ ऐवजी ०.४४७ असते, म्हणजे दोन टक्क्यांहून कमी फरक पडला असता, तर हा आकडा ऋण झाला असता आणि दुसऱ्याचा शिरकाव बंद पडला असता. β काढला कसा हे पाहिले म्हणजे दोन टक्के किती थोडे आहेत ते कळते. आधी प्रत्येक यीस्ट एकटे वाढवून r आणि K बसवायचे. मग मिश्र संवर्धनातील वक्रावरून dN/dt काढायचा, आणि समीकरण उलटे सोडवून गुणांक मिळवायचा. यात मोजलेल्या, विखुरलेल्या आकड्यांचा उतार घ्यावा लागतो आणि वर प्रतिस्पर्ध्याच्या आकारमानाने भागावे लागते. प्रतिस्पर्धी अजून थोडा असतो, तेव्हा या भागाकारातून त्रुटी कित्येक पटींनी फुगते. अशा पद्धतीतून दोन टक्क्यांची खात्री मिळत नाही.

गाउसेने हेच गुणांक दुसऱ्या वाटेनेही काढले होते. वाढ अल्कोहोलमुळे थांबत असेल, तर कोणते यीस्ट एका एककामागे किती अल्कोहोल सोडते, याचे गुणोत्तर म्हणजेच गुणांक. त्या मोजणीतून α सुमारे २.१८ आणि β सुमारे ०.४६ आला. β दोन्ही वाटांनी जवळपास सारखा आहे. α मात्र बराच वेगळा आहे, आणि त्यावरून दुसरे यीस्ट अल्कोहोलखेरीज आणखी काही मार्गाने पहिल्याला अडवत असावे असा अर्थ निघतो. आता या दोन वाटांचे आकडे एकमेकांत मिसळून पाहा.

α = ३.१५ आणि β = ०.४३९ घेतल्यास दुसरे जिंकते, हे तुम्ही काढलेच आहे. α = ३.१५ तसाच ठेवून β = ०.४६ घेतला, तर दोघांचाही शिरकाव अशक्य होतो. चौथा बिंदू (११.७, ०.४०) असा पहिल्या चरणात येतो, पण αβ = १.४५ असल्याने तो खोगीरबिंदू ठरतो. मग कोण जिंकेल हे सुरुवातीला कोण किती होते यावर अवलंबून राहते. दोन्ही आकडे अल्कोहोलच्या वाटेचे, म्हणजे २.१८ आणि ०.४६ घेतले, तर पहिल्याला उरणारी जागा १३ − १२.६४ = ०.३६ अशी धन येते आणि दुसऱ्याची ५.८ − ५.९८ = −०.१८ अशी ऋण. म्हणजे निकाल उलटला आणि पहिले जिंकले. उरलेली जोडी २.१८ आणि ०.४३९ ची. इथे दोघांचाही शिरकाव शक्य आहे, αβ = ०.९६, आणि (८.३, २.२) हा स्थिर सहअस्तित्वाचा बिंदू मिळतो, α एकाहून दुपटीपेक्षा मोठा असूनही. मात्र या बिंदूवरचे लहान आयगेन मूल्य ताशी −०.०००८ च्या आसपास आहे, म्हणजे थोडासा धक्का बसला तर सावरायला पन्नासेक दिवस लागतील.

तीच दोन यीस्ट, तीच नळी, आणि एकाच अभ्यासकाने काढलेले प्रत्येक गुणांकाचे दोन अंदाज. त्यांच्या चार जोड्यांतून पाठ्यपुस्तकातले चारही निकाल निघतात. तुमच्या प्रोजेक्टचा गाभा हाच असावा, असे मला वाटते. चौथ्या बिंदूचे निर्देशक दोन दशांशांपर्यंत देण्यापेक्षा α–β च्या प्रतलावर २.२४१ आणि ०.४४६ या दोन रेषा काढा. त्यांनी चार खोल्या पडतात. मग अंदाज आणि त्यांची अनिश्चितता तिथे ठिपक्यांनी व पट्ट्यांनी दाखवा. वाचकाला एका नजरेत कळेल की ठिपके उंबरठ्याला खेटून आहेत.

अल्कोहोलच्या वाटेने काढलेल्या गुणांकांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. २.१८ आणि ०.४६ हे एकमेकांचे व्यस्त आहेत, म्हणून αβ चे मूल्य १ येते, आणि हा योगायोग नाही. दोघांना अडवणारा घटक एकच असेल तर गुणांक अशीच गुणोत्तरे होतात, शून्यवाढ रेषा समांतर राहतात आणि छेदबिंदूच नसतो. मग प्रश्न एवढाच उरतो की तो घटक कोण अधिक सोसतो. दुसऱ्या यीस्टची कमाल पातळी पहिल्याच्या एककांत मांडली तर १२.६४ होते आणि पहिल्याची स्वतःची १३ आहे. पहिले अधिक अल्कोहोल सोसते, म्हणून जिंकते. फरक इथेही तीन टक्क्यांच्या आतलाच आहे. स्थिर सहअस्तित्वासाठी αβ एकाहून कमी हवा, म्हणजे प्रत्येकाने स्वतःच्या जातभाईंना जितके अडवावे त्याहून दुसऱ्याला कमी अडवावे. यासाठी कुठेतरी दुसरा घटक लागतो, मग तो वेगळे अन्न असो, वेगळी जागा असो की वेगळी वेळ.

यावर तुमचे मार्गदर्शक कदाचित विचारतील की बंद नळीऐवजी प्रयोग कसा करावा. गाउसेनेच पुढे पॅरामेशियमवर केला तसा: रोज संवर्धनाचा ठरावीक भाग काढून टाकायचा आणि अन्न ताजे द्यायचे. मग मरण्याची किंवा हटण्याची यंत्रणा आपोआप तयार होते. पॅरामेशियम ऑरेलिया आणि पॅरामेशियम कॉडेटम यांच्यात अशा संवर्धनात ऑरेलियाने कॉडेटमला हटवले. ऑरेलिया आणि बर्सारिया यांची जोडी मात्र एकत्र टिकली, कारण बर्सारिया नळीच्या तळाशी बसलेले यीस्ट खात होते आणि ऑरेलिया वर तरंगणारे जीवाणू. दुसरा घटक म्हणतो तो असा.

पण काढून टाकण्याचा वेगही निर्दोष नसतो, हे गणितात आधीच तपासा. दोन्ही समीकरणांत −m·N हे पद वाढवले की K1 ऐवजी K1(1 − m/r1) आणि K2 ऐवजी K2(1 − m/r2) येते, α आणि β तेच राहतात. “r चा निकालाशी संबंध नाही” हे वाक्य पाठ्यपुस्तकात असते, पण ते m शून्य असतानाच खरे आहे. तुमच्या आकड्यांत दुसऱ्या यीस्टचा r पहिल्याच्या पावपटीहून थोडाच जास्त आहे, म्हणून काढून टाकण्याचा फटका त्याला जास्त बसतो. मी तुमच्याच α–β वर हिशोब केला. m ताशी ०.००१४ च्या वर गेला, म्हणजे दिवसाला साडेतीन टक्क्यांइतका द्रव जरी काढला, तरी दुसऱ्याचा शिरकाव थांबतो आणि निकाल सुरुवातीच्या प्रमाणांवर लटकतो. m ताशी ०.०२२ च्या पुढे, म्हणजे दिवसाला चाळीस टक्क्यांहून थोडे अधिक काढले, तर पहिलेच निश्चित जिंकते. रोज दहावा भाग काढायचे ठरवले तर तुम्ही मधल्या पट्ट्यात असाल, आणि एकाच प्रमाणात सुरू केलेल्या सगळ्या नळ्या एकच उत्तर देतील, ज्याला चुकून सर्वसाधारण निकाल म्हटले जाईल.

म्हणून प्रयोगात दोन प्रकारच्या नळ्या हव्यात. एकीत पहिले यीस्ट भरपूर आणि दुसरे शंभरात एक-दोन, दुसरीत नेमके उलट. काढून टाकण्याचा वेग दोन्हीकडे तोच ठेवावा. प्रत्येक वेळी अंतिम प्रमाणाची वाट न पाहता ln(दुर्मीळ/भरपूर) काळासमोर मांडावा आणि दुर्मीळ यीस्ट दुर्मीळ असतानाचाच उतार वाचावा, कारण तो उतार म्हणजे काठावरचे आयगेन मूल्य. दोन्ही नळ्यांत दुर्मीळ यीस्टचे प्रमाण चढत असेल तर सहअस्तित्व स्थिर आहे. दोन्हींत उतरत असेल तर खोगीरबिंदू आहे. एकीत चढते आणि दुसरीत उतरते, तर विजेता ठरलेला आहे. आणि उताराच्या त्रुटीचा पट्टा शून्याला झाकत असेल, जसा तुमच्या ०.०९३ च्या बाबतीत जवळजवळ नक्की झाकेल, तर अहवालात “ठरवता येत नाही” असेच लिहावे आणि तो उतार शून्यापासून वेगळा ओळखायला प्रयोग किती दिवस चालवावा लागेल, तो आकडा शेजारी द्यावा.